कुंडीवर घिरट्या घालणारी काळी चिलटं: पावसाळ्यात पाणी कुठे चुकतं आणि बंदोबस्त कसा करायचा

मृग लागून पंधरवडा झाला की घरात ठेवलेल्या कुंड्यांवर ती बारीक काळी चिलटं दिसायला लागतात. लॅपटॉप उघडून बसलं की स्क्रीनसमोर नाचतात, चहाच्या कपात पडतात, आणि कुंडीला जरा धक्का लागला की मातीवरून उठून दोन गिरक्या घेऊन परत तिथेच बसतात. ह्यांना फंगस नॅट म्हणतात. चावत नाहीत, अन्नावर बसून घाण करत नाहीत, पण डोक्याला ताप होतो तो होतोच. मग घरातलं कोणीतरी डासांचा स्प्रे मारतं, तेवढ्यापुरती मरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढीच परत हजर.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, कारण ते कळलं नाही तर पुढचे सगळे उपाय अर्धवट होतात. उडताना दिसतात ती फक्त मोठी झालेली, आणि ती जेमतेम आठवडाभर जगतात. त्या आठवड्यात एक मादी ओल्या मातीत शंभरेक किंवा त्याहून जास्त अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते, ती साधारण दोन आठवडे मातीत खात राहते, मग तीन-चार दिवस कोषात, आणि मग उडायला मोकळी. आपल्याकडे पावसाळ्यात घरातलं तापमान असतं त्यात हे सगळं चक्र साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतं. म्हणजे स्प्रे मारताना जी दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याच वेळी मातीत असतात, आणि त्यांना स्प्रेचा पत्ताच नसतो.

आणि ही सगळी मातीच्या वरच्या दोन-अडीच इंचातच असतात, फार खाली जात नाहीत. सगळा उपाय ह्याच एका गोष्टीवर उभा आहे.

पाणी जास्त झालं की ह्यांना नेमकं काय मिळतं

अंडी आणि कोवळ्या अळ्या ह्यांना ओल लागतेच, कोरड्या मातीत त्या वाळून मरतात. मादीसुद्धा जागा निवडताना ओलसर आणि कुजका वास असलेली माती शोधते. सतत ओल्या मातीवर बुरशी वाढते, वर हिरवट शेवाळ येतं, आणि अळ्यांचं मुख्य खाणं म्हणजे ही बुरशी, शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा. म्हणजे पाणी जास्त घातलं की राहायची सोय झाली आणि जेवायचीही झाली.

पण खरा घोळ पुढे आहे. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, बारीक मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं म्हणजे अळ्यांना आणखी खाणं. खाणं कमी पडलं की त्या जिवंत मुळांचे कोवळे तंतूही कुरतडतात, आणि त्या जखमांतून मूळकुज करणारी बुरशी आत शिरते. आता मुळंच नाहीत तर झाड पाणी ओढणार कुठून, ते मलूल होतं, पानं पिवळी पडतात, आणि मलूल झाड बघितलं की आपण काय करतो तर आणखी एक तांब्या ओततो. हे चक्र एकदा सुरू झालं की चिलटांचं पुढे काय होणार ते सांगायला नको.

मोठ्या, तब्येतीने बऱ्या झाडाला थोड्याफार अळ्यांनी काही होत नाही हेही सांगून ठेवतो, उगाच घाबरून झाड फेकू नका. धोका असतो तो नुकत्या लावलेल्या कटिंगना, बियांपासून उगवलेल्या रोपांना आणि आधीच मुळं सडायला लागलेल्या झाडांना.

आता गोव्यात पावसाळ्यात हे इतकं का वाढतं? उन्हाळ्यात मनी प्लांटला दर तीन-चार दिवसांनी पाणी लागत होतं, ती सवय हाताला पडलेली असते. जूनपासून हवा इतकी दमट होते की वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत, मग कुंडीतली माती कशी सुकेल? त्यात ऊन नाही, ढगाळ आहे, खिडक्या बंद, झाडाची वाढही मंदावलेली, म्हणजे झाड पाणी कमी पितं आणि हवा पाणी कमी ओढते. आपण मात्र मे महिन्याच्याच हिशोबाने घालत राहतो.

आधी खात्री करा की ही तीच आहेत

स्वयंपाकघरात केळ्यांवर, पिकलेल्या पपईवर बसतात ती फळांवरची चिलटं, पिवळसर तपकिरी, लाल डोळ्यांची. ती वेगळी, त्यांचा कुंडीशी संबंध नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, पंख केसाळ आणि पतंगासारखा आकार, ती मोरीतली माशी, तिचा इलाज मोरी घासून साफ करणे. फंगस नॅट काळपट, लांब पायांची, बारीक डासासारखी दिसते, उडायला कच्ची, आणि मातीवर पळते जास्त. कुंडीच्या कडेला टिचकी मारा, मातीतून उठली तर हीच.

मग कुठली कुंडी हे शोधायचं, कारण घरात दहा कुंड्या असल्या तरी उगम बहुतेक वेळा एक-दोनच कुंड्यांत असतो. त्यासाठी बटाटा घ्या. साल काढून सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या करा आणि प्रत्येक कुंडीत मातीवर एक चकती हलकी दाबून ठेवा, अर्धीअधिक मातीला टेकली पाहिजे. दोन-तीन दिवसांनी उचलून खालची बाजू उजेडात बघा. बारीक पांढरट, जवळजवळ पारदर्शक अळ्या, चार-पाच मिलिमीटर लांब, आणि डोकं मात्र चकचकीत काळं. ते काळं डोकं दिसलं की ओळख पक्की. चकती बघून झाली की पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, मातीत राहिली तर ती सडून आणखी बुरशी येते.

एक घर सांगतो, म्हणजे सगळं नीट लक्षात येईल. फोंड्याला माझी मावसबहीण राहते, पहिला मजला, बाहेर फणसाचं झाड, हॉलमध्ये दुपारीसुद्धा लाईट लावावी लागते. कुंड्या पाच, एक पीस लिली, दोन मनी प्लांट, एक स्नेक प्लांट, एक झेडझेड. ताईचं म्हणणं, "अगो बाई, मी पाणी जास्त घालतच नाही, रोज थोडंसंच घालते." ते थोडंसं म्हणजे काय तर सकाळी देवपूजा झाली की तांब्यात उरलेलं पाणी टाकून द्यायचं नाही म्हणून पीस लिलीला. रोज. बरं, पीस लिली प्लास्टिकच्या कुंडीत आणि ती कुंडी चिनीमातीच्या शोभेच्या कुंडीत, जिला खाली भोक नाही. आतली कुंडी उचलली तर खाली दोन बोटं पाणी साचलेलं आणि त्याला मोरीसारखा वास. बटाट्याच्या चकत्यांखाली निकालही तसाच आला, लिलीच्या चकतीला सहा-सात अळ्या, शेजारच्या मनी प्लांटला एक-दोन, स्नेक प्लांट आणि झेडझेड साफ, त्यांच्याकडे ताई फिरकतच नव्हती.

ह्यातून शिकण्यासारखं म्हणजे, रोज थोडं थोडं पाणी हे चिलटांसाठी सगळ्यात सोयीचं. एकदाच भरपूर घालून नंतर सुकू दिलं तर मधे वरची माती कोरडी होते, रोज शिंपडलं तर वरचे दोन इंच कधीच सुकत नाहीत, आणि त्यांना हवी असते नेमकी तीच जागा.

पहिलं काम: पाणी थांबवा आणि पाणी साचतंय ते काढा

शोभेच्या कुंडीतलं, बशीतलं पाणी आजच ओतून टाका. आतली कुंडी बाहेर काढून जाळीवर किंवा दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागेल. मातीवर पडलेली पिवळी पानं, कुजका पाला उचला. हिरवं शेवाळ आलं असेल तर वरची अर्धा-एक इंच माती चमच्याने खरवडून काढा आणि पिशवीत बांधून घराबाहेर टाका, त्या मातीत अंडी आणि अळ्या बऱ्याच जातात.

मग वाट बघा, वरचे दोन इंच खरोखर कोरडे होईपर्यंत. नुसतं बघून ठरवू नका, कारण कोकोपीट वरून फिकट, सुकलेलं दिसतं आणि नखाने उकरलं की खाली ओलं निघतं. खराट्याची एक हीर काढून कुंडीच्या कडेने तीन-चार इंच खोल घाला, पाच मिनिटांनी काढा. ओली किंवा माती चिकटलेली आली तर पाणी नको. दुसरी खूण वजनाची, पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, सुकल्यावर परत उचला, फरक हाताला कळतो आणि एकदा कळला की हीरही लागत नाही.

पावसाळ्यात किती दिवसांनी असं विचाराल तर दिवस मोजूच नका. स्नेक प्लांट आणि झेडझेड तर पाण्याशिवाय तीन-चार आठवडे आरामात काढतात. मनी प्लांटला पानं जरा मऊ पडेपर्यंत थांबलं तरी चालतं. पीस लिलीची गंमत अशी की ती तहान लागली की पूर्ण माना टाकते, नाटक केल्यासारखी, आणि पाणी घातलं की काही तासांत उभी राहते, त्यामुळे तिला थोडी मान टाकू द्यायला घाबरू नका. फक्त एक तपासा, माती ओली असूनही झाड माना टाकतंय तर ती तहान नव्हे, मुळं सडलीत, त्याचं पुढे बघू.

आणखी एक सवय बंद करायची ती म्हणजे तांदळाचं धुवण, चहाचा चोथा आणि आपल्याकडची खास गोष्ट, मासे धुतलेलं पाणी. परसातल्या माडाला, केळीला बेलाशक घाला. घरातल्या कुंडीत पावसाळ्यात हे पाणी म्हणजे बुरशीला पंगत. गांडूळखताचंही तेच, ओल्या मातीवर वरून पसरू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

दुसरं काम: उडणाऱ्यांना पिवळा चिकट कागद

पिवळा रंग ह्यांना ओढतो. नर्सरीत किंवा शेतीच्या औषधांच्या दुकानात पिवळे चिकट ट्रॅप मिळतात, त्याचे लहान तुकडे कापून मातीपासून इंच-दोन इंच वर, शक्यतो आडवे लावा, कारण ही मातीलगतच उडतात, वर टांगलेल्या ट्रॅपवर कमी बसतात. घरी करायचा तर पिवळ्या कार्डावर एरंडेल किंवा व्हॅसलिन फासा, चालतं.

पण आपल्या घरांत पाली असतात, आणि चिकटलेली चिलटं खायला पाल आली की तीही चिकटते. हे बघायला फार वाईट वाटतं. म्हणून ट्रॅप भिंतीपासून दूर, झाडाच्या बुंध्याशी पानांच्या आत लावा, मोठा उघडा कागद भिंतीला टेकवून ठेवू नका. चिकटलीच तर ओढू नका, कापसाने खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल हळूहळू लावलं की सुटते.

ट्रॅपने चिलटं संपत नाहीत. त्याने अंडी घालणाऱ्या माद्या कमी होतात, पण मुख्य उपयोग मोजणीचा. दर रविवारी कार्ड बदला, जुन्यावर तारीख टाकून साधारण किती आहेत ते लिहा. ह्याशिवाय उपाय लागू पडतोय का ते कळत नाही, नुसत्या नजरेला रोज सारखीच वाटतात.

तिसरं काम: अळ्या मारणं

लागण थोडी असेल तर माती सुकवण्यानेच भागतं. पण दमट दिवसांत माती सुकायलाच दहा-बारा दिवस लागतात, तोवर अळ्यांचा मोसम चालू राहतो, म्हणून जोडीला काहीतरी हवं.

सगळ्यात चांगलं म्हणजे बीटीआय, पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजेन्सिस इस्रायलेन्सिस. हा एक जिवाणू आहे, डासांच्या अळ्या मारायला साचलेल्या पाण्यात टाकतात तोच. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यात त्याचं विष सुटतं आणि ती मरते, माणसाला, मांजराला, गांडुळाला काही होत नाही. दुकानात मागताना मात्र इथेच फसायला होतं. नुसतं "बीटी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा भाजीवरच्या सुरवंटांसाठीचं बीटी कुर्स्टाकी देतात. ते फंगस नॅटच्या अळीला काहीही करत नाही. लेबलवर इस्रायलेन्सिस हा शब्द आहे की नाही ते स्वतः वाचा, आणि एक्स्पायरी बघा, जिवाणूचं औषध उन्हात पडून राहिलेलं असेल तर ते मेलेलं असतं.

प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे लेबलवरचंच घ्या. पद्धत अशी की झाडाला जेव्हा खरोखर पाणी द्यायची वेळ येईल तेव्हा साध्या पाण्याऐवजी हेच पाणी द्यायचं, वरची सगळी माती भिजेल असं, आणि खालून निघालेलं ओतून टाकायचं. औषध घालायचंय म्हणून ओल्या मातीवर परत पाणी ओतू नका, मग मूळ रोगच वाढवताय. मातीत ह्याचा असर थोडेच दिवस टिकतो आणि अंडी, कोष ह्यांच्यावर होत नाही, म्हणून साधारण आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा लागतं. माती आठवड्यात सुकली नाही तर अंतर वाढू द्या, आणि तेवढ्या वेळा पूर्ण करा.

बीटीआय नाहीच मिळालं तर हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये मिळतं. इथे बाटली वाचणं महत्त्वाचं आहे. सगळीकडे सांगतात की एक भाग पेरॉक्साइड, चार भाग पाणी, तर ते ३ टक्क्यांच्या बाटलीसाठी आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये बऱ्याचदा ६ टक्क्यांची मिळते, तिच्यावर २० व्हॉल्यूम असंही लिहिलेलं असतं. तिचा एक भाग घेतला तर पाणी नऊ भाग घ्या. कोरड्या होत आलेल्या मातीवर ओतलं की फसफसतं, ते बरोबर आहे. ज्या अळ्यांना ते लागतं त्याच मरतात, नंतर त्याचं पाणी होऊन जातं, असर उरत नाही. मातीतले चांगले जीवही मरतात, म्हणून एक-दोन वेळा बास, दर आठवड्याचा नेम करू नका.

निमतेल पण चालतं, लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, नीट हलवून मातीत. अळ्यांची वाढ खुंटते, पण हळू, आणि बंद हॉलमध्ये दोन दिवस वास राहतो. दालचिनी पावडर, काडेपेटीच्या काड्या मातीत खोचणे, व्हिनेगरची वाटी, ह्यात वेळ घालवू नका. व्हिनेगरला फळांवरची चिलटं येतात, ही फारशी नाहीत.

वाळूचा थर देतात तो मात्र उपयोगी, पण अटीवर. जाडसर नदीची वाळू, धुऊन वाळवलेली, अर्धा-पाऊण इंच जाडीची आणि ती कोरडी राहिली पाहिजे, म्हणजे पाणी खालून द्यायचं. कुंडी टबात ठेवून वीस-तीस मिनिटं खालून ओढू द्यायचं, मग निथळून परत जागेवर. वरून पाणी घातलंत तर वाळू ओली, आणि ओल्या वाळूखाली माती आणखी उशिरा सुकते. आणि मिरामारहून किंवा कळंगुटहून पिशवी भरून समुद्राची वाळू आणू नका, त्यातलं मीठ झाडाच्या मुळांना जाळतं.

मुळं सडली असतील तर

ओल्या मातीतही झाड मलूल, बुंधा हलवला की डुगडुगतो, मातीला आंबूस वास, असं असेल तर औषधं ओतत बसू नका. झाड बाहेर काढा, जुनी माती झाडून टाका, तपकिरी लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पांढरी घट्ट ती ठेवा. नवी कुंडी आधीपेक्षा मोठी नको, उलट मुळं कमी झालीत तर लहान घ्या, मोठ्या कुंडीत न वापरलेली माती ओली राहते. मिश्रण साधारण दोन भाग कोकोपीट, दोन भाग पर्लाइट किंवा जाडसर नदीची वाळू, एक भाग जुनं गांडूळखत. कोकोपीटची वीट उकळत्या पाण्यात भिजवून गार करून पिळून घेतली तर त्यात आधीच असलेली अंडी मरतात. नुसती लाल माती घरातल्या प्लास्टिकच्या कुंडीत भरू नका, पावसाळ्यात तिचा चिकट गोळा होतो.

ताईच्या लिलीची अर्धीअधिक मुळं चांगली निघाली, त्यामुळे तिथे कुंडी बदलली नाही, फक्त वरची माती खरवडली, बीटीआयच्या पाळ्या सुरू केल्या, शोभेच्या कुंडीच्या तळाला खडे टाकून आतली कुंडी उचलून धरली आणि तांब्यातलं पाणी बाहेरच्या तुळशीला जायला लागलं. पहिल्या आठवड्यात लिलीच्या कार्डावर चाळीसेक चिलटं. दुसऱ्या आठवड्यात पन्नासच्या वर, आणि ताईचा फोन, "तुझं औषध उलटं चालतंय." उलटं नव्हतं. जे आधीच कोषात होते ते बाहेर पडत होते, त्यांना बीटीआय लागू होतच नाही. बरेच लोक नेमके इथेच कंटाळून सोडून देतात. तिसऱ्या आठवड्यात आकडा पंधराच्या आसपास आला, पाचव्यात दोन-तीन. तरी मनी प्लांटचं कार्ड काढलं नव्हतं ते बरं झालं, तिथे मधेच परत सात-आठ दिसली, आणि त्यालाही एक जादा पाळी द्यावी लागली.

आकडा तीन आठवड्यांनीही उतरत नसेल तर औषध बदलायच्या आधी शोधा की एखादी जागा सुटली का. कपाटामागे अर्धवट वापरलेली, तोंड उघडं असलेली मातीची पिशवी, ग्रिलमधली पावसात भिजणारी कुंडी, पाण्यात ठेवलेल्या कटिंगच्या बाटलीशेजारची जुनी ट्रे. कुंडीच्या खालच्या भोकांकडेही बघा, तिथूनही येतात जातात.

नवीन रोपाचं म्हणाल तर नर्सरीतून आणलेलं झाड पावसाळ्यात थेट हॉलमध्ये नेऊ नका, नर्सरीतली माती कायम ओलीच असते. दोन-तीन आठवडे बाल्कांवात, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात इतर कुंड्यांपासून लांब ठेवा, पिवळं कार्ड लावा, मधे दोनदा बटाट्याची चकती ठेवून बघा. दोन्ही वेळा खाली काही नसेल तर आत घ्या, असेल तर इलाज तिथे बाहेरच करा.